अंदाजे रँक वाचताना या चुका टाळा

नीटच्या टेस्ट सिरीजचा निकाल लागला की आमच्या क्लासच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या ऑफिसात पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, मार्कांचं राहू दे ओ, नंबर किती येतंय तेवढं सांगा." आम्ही निकालपत्रावर अंदाजे रँक छापतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण तो आकडा कसा काढला हे माहीत नसेल, तर एखादं घर विनाकारण घाबरतं आणि एखादं घर विनाकारण निर्धास्त होतं. दर वर्षी त्याच त्या चुका दिसतात, म्हणून ही टीप.

मागच्या वर्षीच्या तक्त्यात मार्क घालून बघणे

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच. मोबाइलवर "मार्क आणि रँक" असा तक्ता मिळतो. मुलाला टेस्टमध्ये ६०० पडले की त्या रकान्यातला आकडा वाचायचा आणि पाहुण्यांना सांगायचा.

२०२४ साली ६०० मार्कांना देशपातळीवरचा रँक ऐंशी हजारांच्या आसपास होता. २०२५ साली पेपर, त्यातही फिजिक्स, इतका अवघड निघाला की ७२० पैकी सर्वांत जास्त मार्क ६८६ होते. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी ६५१ किंवा त्याहून जास्त मार्कांची फक्त ७३ मुलं होती आणि ६०१ ते ६५० मध्ये १,२५९. म्हणजे त्या वर्षी ६०० वाल्याचा रँक साधारण १,३३३ च्या पुढे सुरू होतो. मार्क तेच, पण एका वर्षी ऐंशी हजार आणि पुढच्या वर्षी तेराशे-चौदाशे. शिवाय २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्नांतून १८० सोडवायची मुभा होती. २०२५ पासून सरळ १८० सक्तीचे झाले आणि वेळही २०० मिनिटांवरून १८० मिनिटांवर आला. त्यामुळे जुना तक्ता वेगळ्या घाटाच्या पेपरचा आहे.

आमचा टेस्टचा पेपर आम्हीच काढतो. तो खऱ्या पेपरपेक्षा सोपा आहे की अवघड, हे परीक्षा होईपर्यंत आम्हालाही ठाऊक नसतं. म्हणून आम्ही मार्कांवरून रँक काढत नाही, मुलगा सिरीजमध्ये कितव्या जागी आहे त्यावरून काढतो. पेपर अवघड गेला तर तो सगळ्यांनाच अवघड जातो, जागा फारशी हलत नाही.

सिरीजमधली टक्केवारी थेट देशाला लावणे

जागा बघायची हे कळल्यावर दुसरी चूक होते. पोरगी सिरीजमध्ये वरच्या ४ टक्क्यांत आहे, देशात परीक्षेला बसलेली मुलं बावीस लाख, म्हणून रँक अठ्ठ्याऐंशी हजार, असा हिशेब एका पालकांनी वहीवर करून आणला होता. गुणाकार बरोबर होता, पाया चुकला होता. बावीस लाखांत नुसता फॉर्म भरून बसलेलीही असतात. आमच्याकडे दर रविवारी सकाळी कागल-गडहिंग्लजहून एसटीनं येऊन तीन तास पेपर देणारी मुलं असतात. या गर्दीतले वरचे ४ टक्के देशातल्या वरच्या ४ टक्क्यांपेक्षा बरेच पुढे असतात. किती पुढे, हे गणितातून निघत नाही. ते आमच्याच जुन्या बॅचवरून बघावं लागतं.

हे कसं करतो ते एका उदाहरणावरून बघा. यातले सिरीजचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

एका मुलीच्या पूर्ण अभ्यासक्रमाच्या नऊ टेस्ट झाल्या. त्यातल्या एका टेस्टला ती आजारी होती, नंतर तिनं तोच पेपर घरी सोडवला आणि ६२१ मार्क मिळवले. तो हिशेबातून जातो, कारण तोवर मैत्रिणींकडून प्रश्न कळलेले असतात आणि घरी घड्याळही सैल चालतं. एकदा एसटी चुकली, ती चाळीस मिनिटं उशिरा बसली आणि ४८८ पडले. तोही जातो. उरलेल्या सात टेस्टचे मार्क ५४८, ५७१, ५६२, ५२९, ५८५, ५६६ आणि ५७४. यातला ५२९ चा पेपर काढा, त्या दिवशी मूड नव्हता, असा आग्रह हमखास होतो. तो आम्ही काढत नाही. खऱ्या परीक्षेच्या दिवशीही मूड नसू शकतो.

सरासरी आली ५६२. ती निकालपत्रावर छापतो, पण पुढच्या हिशेबात वापरत नाही. पुढे बघतो जागा. समजा, सगळ्या टेस्टला नियमित बसणारी ९०० मुलं आहेत आणि ही त्यांच्यात कधी २७ वी, कधी ४९ वी, बहुतेक वेळा ३६ वी. म्हणजे वरच्या ३ ते साडेपाच टक्क्यांत, साधारण ४ वर.

आता मागच्या दोन बॅचमधली, सिरीजमध्ये याच पट्ट्यात असलेली मुलं काढायची. ९०० चे अडीच टक्के म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस मुलं, दोन वर्षांची मिळून पंचेचाळीस. त्यांचे खरे रँक चढत्या क्रमानं मांडायचे. समजा मधल्या मुलाचा रँक निघाला २०,०००, मधल्या निम्म्या मुलांचे रँक १४,००० ते ३१,००० मध्ये आले, दोघं आठ हजारांच्या आत गेले आणि तिघं साठ हजारांच्या पलीकडे. मग निकालपत्रावर येतं: अंदाजे रँक २०,०००, पट्टा १४,००० ते ३१,०००.

पट्ट्याला हमी समजणे

वरच्या उदाहरणात पट्टा मधल्या निम्म्या मुलांचा आहे. म्हणजे उरलेली निम्मी मुलं त्याच्या बाहेर गेली होती. ३१,००० ही शेवटची मर्यादा समजून कॉलेजची यादी करणारे पालक इथं फसतात. पट्टा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, हेही लक्षात घ्या. २०,००० पासून वर जायला सहा हजार आणि खाली यायला अकरा हजार. कारण जसजसं खाली यावं, तसतशी एकेका मार्कावर मुलांची गर्दी वाढते.

ही गर्दी किती, ते २०२५ च्याच आकड्यांवरून दिसतं. ६०१ ते ६५० या पन्नास मार्कांत १,२५९ मुलं, म्हणजे मार्काला सरासरी पंचवीस. ५५१ ते ६०० मध्ये १०,६५८ मुलं, म्हणजे मार्काला दोनशेच्या वर. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे एक गोळा इकडचा तिकडे झाला की पाच मार्कांचा फरक. ६२० च्या आसपास त्यानं रँक शंभर-सव्वाशेनं हलतो, ५७० च्या आसपास हजारानं. आमच्या उदाहरणातली मुलगी दोन पर्यायांत अडकली आणि नाणं उडवल्यासारखा एक गोळा भरला, एवढ्यावर हजार जागा. असे प्रश्न प्रत्येक पेपरात पाच-सहा असतात. सिरीज कितीही चांगली काढली, तरी हा भाग कोणाला आधी सांगता येत नाही. माझ्या मते एखादा क्लास १७,३४२ असा नेमका रँक छापून देत असेल, तर त्यातले शेवटचे तीन आकडे शोभेचे आहेत.

मध्येच रँक घसरला म्हणून घाबरणे

मार्क तेवढेच, तरी मार्च-एप्रिलमध्ये अंदाजे रँक खाली आला, अशी तक्रार दर वर्षी येते. तेव्हा पहिल्यांदा निकालपत्रावर बसलेल्या मुलांची संख्या बघा. शेवटच्या टप्प्यात मागे पडलेली बरीच मुलं टेस्टला येणंच सोडतात. जानेवारीत १,४०० पैकी ४२ वी असलेली मुलगी वरच्या ३ टक्क्यांत असते. एप्रिलमध्ये ९०० पैकी ४० वी आली, तर ती साडेचार टक्क्यांवर दिसते. जागा दोननं सुधारली आणि टक्केवारी बिघडली. म्हणून आम्ही फक्त नियमित मुलांमध्ये तुलना करतो. तुमच्या हातातल्या निकालपत्रावर "एकूण बसलेले" असाच आकडा असेल, तर दोन महिन्यांची टक्केवारी एकमेकांशेजारी ठेवू नका.

दुसरं कारण बॅचचं. रिपीटरचा अभ्यासक्रम एकदा झालेला असतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो पुढे दिसतो. बारावीचा मुलगा तेव्हा निम्मा अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिकलच्या वह्या यांत अडकलेला असतो. फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा संपली की तो वर सरकतो आणि रिपीटरची जागा आपोआप खाली येते. त्यामुळे दोघांचा हिशेब त्यांच्या त्यांच्या जुन्या बॅचवरूनच करायला हवा. एकत्र केला तर बारावीच्या मुलाला आहे त्यापेक्षा मागचा आणि रिपीटरला आहे त्यापेक्षा पुढचा रँक सांगितला जातो.

एकाच टेस्टमध्ये शंभरेक मार्क उडाले असतील, तर आधी ओएमआरची प्रत मागा. प्रश्न वगळला पण ओळ वगळली नाही, की तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक घर सरकतं. प्रश्नपत्रिकेवर खुणा केल्या असतील, तर त्या शेजारी ठेवून पाच मिनिटांत कळतं. दोन गोळे भरले असतील किंवा फिकट भरले असतील, तर स्कॅनरनं काय वाचलं तेही प्रतीवर दिसतं.

रँक कळला म्हणजे कॉलेज कळलं असं धरणे

आमचा आकडा देशपातळीवरचा आहे. सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून, राज्याच्या गुणवत्ता यादीतल्या क्रमांकानुसार आणि प्रवर्गानुसार भरतात. १५ टक्के देशपातळीवर केंद्राच्या एमसीसीकडून भरतात. देशाचा रँक २०,००० म्हणजे राज्यात किती, हे त्या वर्षी महाराष्ट्रातली किती मुलं पुढे आहेत यावर ठरतं. एका अंदाजावर दुसरा अंदाज रचला की पट्टा आणखी रुंद होतो, म्हणून निकालपत्रावर कॉलेजचं नाव आम्ही छापत नाही.

दोन क्लासचे अंदाजे रँक शेजारी ठेवून कुठला खरा, असंही विचारतात. दोघांच्या जुन्या बॅच वेगळ्या, पेपर वेगळे, त्यामुळे फरक येणारच. त्यांना एवढंच विचारा: किती जुन्या मुलांवरून काढला, आणि पट्टा निम्म्या मुलांचा आहे की दहापैकी आठांचा? आमच्याकडे हॉलमध्ये बसून दिलेल्या पाच पूर्ण टेस्ट झाल्याशिवाय निकालपत्रावरचा रँकचा रकाना रिकामाच राहतो. तो रिकामा दिसला तर ऑफिसात फोन करण्याआधी हजेरी मोजा.