बँड सापडत नाही? आधी जुना फोन बघा

मालवणात आईने नवा फोन घेतला आणि तिचा फिटनेस बँड ॲपला दिसेनाच. बँड बिघडला नव्हता. माजघरात चार्जिंगला लावलेल्या जुन्या फोनशी तो अजून जोडलेला होता! बहुतेक बँड एका वेळी एकाच फोनशी जोडले जातात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या फोनला दिसत नाहीत. म्हणून जुन्या फोनच्या ॲपमधून बँड आधी ‘अनपेअर’ करा, मग ब्लूटूथच्या यादीतूनही काढून टाका. आईचं काम तेवढ्यानेच झालं. नव्या फोनवर मात्र जोडणी ॲपमधूनच करा, ब्लूटूथ सेटिंगमधून नको. तिथून जोडलेला बँड ॲपला बरेचदा सापडत नाही. फोन अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा असेल तर लोकेशनही चालू ठेवा, नाहीतर यादी रिकामीच येते.