पूर्ण संवाद ठेवायचा की सारांश? ॲपचा महिन्याचा खर्च असा मांडा

भाषा-मॉडेलवर चालणारं ॲप बांधताना जुनी बोलणी डेटाबेसमध्ये साठवण्याचा खर्च आणि तीच बोलणी दर प्रश्नासोबत मॉडेलला पुन्हा पाठवण्याचा खर्च अनेक जण एकाच रकान्यात टाकतात. हे दोन खर्च आधी वेगळे करा. साधारणपणे मॉडेल स्वतःहून काही लक्षात ठेवत नाही. आधीचं बोलणं त्याला आठवायला हवं असेल, तर ते प्रत्येक वेळी पाठवावं लागतं आणि प्रत्येक वेळी त्याचे पैसे पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, द्राक्ष बागायतदारांना सल्ला देणारं ॲप आहे. वापरणारे ५०० शेतकरी, प्रत्येकाच्या महिन्याला ४० फेऱ्या. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून एक फेरी. कायमच्या सूचना ४०० टोकन, प्रश्न १००, उत्तर ३००. हे आकडे अंदाजाने लिहू नका. एपीआयच्या प्रतिसादात `usage` सारख्या नोंदीत खरे आकडे येतात, शंभरेक खऱ्या फेऱ्यांची सरासरी काढा. मराठी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात, त्यामुळे इंग्रजीवरून बांधलेला अंदाज हमखास कमी पडतो.

आधी साठवण. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. वेळ, आयडी, इंडेक्स धरून एका फेरीला ५ केबी पकडा. ५०० × ४० × ५ केबी म्हणजे महिन्याला सुमारे १०० एमबी. जीबीला महिना १० रुपये धरले, तर खर्च एक रुपया. वर्षभराचं सगळं साठलं तरी बारा रुपये महिना. म्हणून जागा वाचवायला जुने संवाद पुसण्यात काही अर्थ नाही.

आता टोकन. दहाव्या फेरीला आधीच्या नऊ फेऱ्या सोबत जातात, चाळिसाव्या फेरीला एकोणचाळीस. हिशेब असा:

```python
def input_tokens(n, s, u, a, h=0):
    # h = महिन्याआधीच्या फेऱ्या
    return n*(s+u) + (u+a)*(h*n + n*(n-1)//2)
```

`input_tokens(40, 400, 100, 300)` चं उत्तर ३,३२,००० येतं. ५०० जणांचे १६.६ कोटी. दर तुमच्या पुरवठादाराच्या पानावरून घ्या. इथे दहा लाख टोकनांना आत जाताना १०० आणि बाहेर येताना ४०० रुपये धरतो. आत जाणाऱ्यांचे १६,६०० आणि उत्तरांचे २,४०० मिळून १९,००० रुपये. दुसऱ्या महिन्यात तोच संवाद पुढे चालला, तर `h=40` टाका. आता ९,७२,००० टोकन, आणि बिल ५१,००० रुपये. ना शेतकरी वाढले, ना प्रश्न.

सारांशाचा हिशेब करताना सारांश बनवण्याचा खर्च विसरला जातो. दर १० फेऱ्यांनी त्या फेऱ्या आणि जुना सारांश मिळून ३०० टोकनांचा नवा सारांश करायचा असं ठरवू. मग एका प्रश्नासोबत सूचना, प्रश्न, सारांश आणि सरासरी साडेचार ताज्या फेऱ्या जातात: २,६०० टोकन. चाळीस फेऱ्यांचे १,०४,०००. चार सारांश बनवायला दर वेळी सुमारे ४,५०० आत, ३०० बाहेर. सगळं धरून ५०० जणांचे ८,७४० रुपये, आणि पुढच्या महिन्यातही तेवढेच.

सरासरीवर मात्र विसंबू नका. अर्धे शेतकरी १० फेऱ्या करणारे आणि अर्धे ७० करणारे असले, तर सरासरी ४०च राहते, पण पहिल्याच महिन्यात पूर्ण इतिहासाचे टोकन माणशी ५,१२,००० होतात. गटवार हिशेब करा.

पुरवठादार कॅशिंगवर सूट देत असेल तर चित्र पालटू शकतं. पूर्ण इतिहासाचा सुरुवातीचा भाग बदलत नाही, म्हणून तो कॅशमधून स्वस्तात वाचला जातो. सारांश बदलला की तिथून पुढचं कॅश वाया जातं. पण कॅश बऱ्याचदा काही मिनिटांतच संपतं. एका बैठकीत वीस प्रश्न विचारणाऱ्याला त्याचा फायदा, दोन दिवसांनी परत येणाऱ्याला नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर लॉगमध्ये बघून ठरवा.

माझं मत स्पष्ट आहे: डेटाबेसमध्ये पूर्ण संवाद ठेवा, मॉडेलला सारांश पाठवा. फक्त सारांशात काय गळतं ते तपासा. शेतकऱ्याने ‘गोडी छाटणी १२ ऑक्टोबरला केली’ असं सांगितलं आणि सारांशात ‘छाटणी झाली आहे’ एवढंच उरलं, तर पुढचा सल्ला कोलमडतो, कारण फवारणीपासून काढणीपर्यंत सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजलं जातं. शेतकरी तीच तारीख पुन्हा सांगू लागला, की सारांश गळतोय हे ओळखा. छाटणीची तारीख, वाण, शेवटची फवारणी हे वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि दर प्रश्नासोबत जसंच्या तसं जोडा. त्याला पन्नासेक टोकन जास्त लागतील. ५०० जणांच्या हिशेबात ते महिन्याला १०० रुपये होतात.