गिफ्ट व्हाउचरवर उरलेल्या पैशांचं आधी लिहा

रेस्टॉरंटचं गिफ्ट व्हाउचर छापताना वाद कुठे होतो, तर उरलेल्या रकमेवर. २,००० रुपयांचं व्हाउचर, जीएसटीसह बिल १,३४० रुपये. मग ६६० रुपयांचं काय? रोख परत नाही, पण तेवढी शिल्लक त्याच क्रमांकावर, मूळ मुदतीपर्यंत वापरता येईल, असं स्पष्ट छापा आणि काउंटरवरच्या वहीत लगेच नोंदवा. ‘सहा महिने वैध’ एवढंच लिहू नका, शेवटची तारीखच टाका. भेट म्हणजे हस्तांतर आलंच, त्यामुळे ‘आणेल त्याला चालेल’ हेच सोयीचं. मात्र हरवल्यास दुसरं मिळणार नाही, हेही लिहा. मुदत संपल्यावर महिनाभर सवलत देणार असाल तर ती सगळ्यांना, ओळखीच्यांनाच नको.