शेवटचे 5 नग आणि 15 मिनिटांची फट

माझा माल तीन मार्केटप्लेसवर आहे. रॅकवर 5 नग उरले होते आणि तिन्हीकडे 5-5 दिसत होते. सेलच्या संध्याकाळी 7 ऑर्डर आल्या, दोन रद्द कराव्या लागल्या. ग्राहकांना तसं कळवताना फार वाईट वाटलं.

लॉगमध्ये दिसलं की तिन्हीकडचे साठ्याचे आकडे जुळवणारं सिंक दर 15 मिनिटांनी होतं आणि सातही ऑर्डर त्या फटीत आल्या होत्या. आता प्रत्येक वस्तूची 15 मिनिटांतली सर्वाधिक एकत्रित विक्री काढून तेवढे नग बफर म्हणून राखून ठेवतो. या वस्तूला 7, हळू खपणाऱ्यांना 1. शिलकीतून पेंडिंग ऑर्डर आणि बफर वजा करून उरेल तोच आकडा सगळीकडे जातो. शून्याखाली गेला तर 0.

बफरमधले नग मात्र अडकून पडायचे. ते आता एकाच मार्केटप्लेसवर लावतो, कारण तिथली संख्या ऑर्डरबरोबर तिथेच कमी होते.