गाइड घेण्यापूर्वी उत्तराचा ताळा करून पाहावा
अभियांत्रिकी गणिताच्या गाइडमधील सोडवलेली उदाहरणे कितपत बिनचूक आहेत हे दुकानातच पाहायचे असेल, तर डिफरन्शियल इक्वेशनचे प्रकरण उघडावे आणि छापलेले उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करावा. dy/dx + y/x = x याचे उत्तर y = x²/3 + c असे दिले असेल, तर डावी बाजू x + c/x येते; म्हणजे शेवटी x ने भागताना स्थिरांक भागायचा राहिला आहे, कारण खरे उत्तर y = x²/3 + c/x आहे. इंटिग्रेटिंग फॅक्टर x कसा आला, ही पायरीही गाळलेली असेल, तर एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ते गाइड निम्म्या किमतीतही महागच पडेल. मात्र 3xy = x³ + c असे उत्तर दिसल्यास ते चूक मानू नये; रूप निराळे असले तरी त्याचा ताळा जुळतो.