पोस्टमध्ये 'उद्या' लिहिलं आणि तीन गट हुकले

दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या प्रसिद्धी समितीत गेले. एकांकिकेत घेतलं नाही म्हणून गेले, हे आधीच सांगून टाकते. पहिलंच काम आलं ते नावनोंदणीची आठवण करून देण्याचं. सूचनाफलकावरचा मजकूर हातात पडला:

> सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, वार्षिक सांस्कृतिक महोत्सवातील स्पर्धांच्या नावनोंदणीची अंतिम मुदत उद्या आहे. तरी इच्छुक विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

सीनियर म्हणाला, "जरा मस्त करून टाक." मस्त म्हणजे नक्की काय, हे आजवर एकाही सीनियरने मला सांगितलेलं नाही. मी आपलं माझ्या मनाने लिहिलं: "तय्यार आहात ना? कल्ला होणार, धिंगाणा होणार! उद्या शेवटचा दिवस, लवकर नावं द्या!!!" पुढे आगीच्या पाच इमोजी. रात्री बारा वीसला सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर टाकलं आणि झोपले.

आता नीट बघा. माझ्या डोक्यात अजून सोमवारची रात्र होती, त्यामुळे माझा 'उद्या' म्हणजे मंगळवार, 10 फेब्रुवारी. पण बारा वाजून गेले होते. मेसेजच्या वर तारीख पडली मंगळवारचीच. सकाळी उठून ज्याने वाचलं त्याच्या हिशेबाने 'उद्या' म्हणजे बुधवार. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यातून फॉरवर्ड. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुढे पाठवला की त्यावर पुढे पाठवल्याची वेळ दिसते, मूळ कधी लिहिला ते कळत नाही. मंगळवारी दुपारी कुणी तो नृत्याच्या गटात ढकलला, तर तिथे तो जणू मंगळवारी दुपारीच लिहिल्यासारखा दिसतो. इन्स्टाग्रामचीही तीच गत. तिथे पोस्ट टाकल्याच्या क्रमाने दिसतातच असं नाही, दोन दिवसांपूर्वीचा 'उद्या' आज कुणाच्या तरी समोर येतो. सकाळी चूक लक्षात आल्यावर मी मेसेज दुरुस्त करायला गेले, तर पंधरा मिनिटांची मुदत केव्हाच संपलेली. आणि मुदतीत केला असता तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहिल्या असत्या.

बुधवारी तीन गट नावं द्यायला आले. एका गटाची तालीम महिनाभर चालली होती. यादी बंद झाली होती. त्यांच्यातली एक मुलगी मला काही बोलली नाही, फोनवरचा माझाच मेसेज उघडून तिने समोर धरला.

म्हणून सांगते: 'उद्या', 'परवा', 'आज रात्री', 'येत्या शुक्रवारी' यातलं काही लिहू नका. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा. वार का, तर तारखेत बोट चुकलं तर वाराशी जुळत नाही आणि कुणीतरी लगेच विचारतं. फक्त दिनदर्शिका उघडून जुळवा, अंदाजाने वार टाकू नका. 'रात्री 12 पर्यंत' हीसुद्धा तीच भानगड, कुठल्या रात्रीचे बारा? 'संध्याकाळी 5' लिहिलं की वादच नाही. घाबरू नका, एवढं सांभाळलं तर निम्मं काम झालं.

दुसरा घोळ दोन तारखांचा. आठवणीच्या पोस्टमध्ये नावनोंदणीची मुदत आणि स्पर्धेचा दिवस, दोन्ही असतात. सारख्याच जाड अक्षरात दिल्या की वाचणारा पुढची तारीख धरतो आणि निवांत होतो. जाड करायची ती एकच, जिच्यावर आज काही करायचंय ती. दुसरी साध्या अक्षरात, खाली.

आता जिवंतपणाचं. मला वाटायचं तो उद्गारचिन्हांत असतो. मूळ मजकूर का मेलेला वाटतो, तर त्यात कुणी कुणाशी बोलतच नाही. 'कळविण्यात येते', पण कोण कळवतंय? आणि 'इच्छुक विद्यार्थी' म्हणजे मी, असं कुणाला वाटतं का? माझा 'कल्ला' तरी काय वेगळा होता, तो कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमाला चिकटवता आला असता. नाव न दिलेले गट त्या आठवड्यात खरोखर काय करत होते? नाच बसवून झाला होता, कपड्यांवरून भांडणंही झाली होती, आणि फॉर्म मात्र 'तू भर, तू भर' करत पडून होता. हेच लिहायचं. वाचणाऱ्याला 'अरे, हे तर आमचंच' वाटलं की इमोजी लागत नाही.

हे सापडायला तालमीच्या खोलीत दहा मिनिटं बसावं लागतं. तयार टेम्प्लेटमध्ये ते मिळत नाही. टेम्प्लेटवर माझा राग आहे, मान्य. पण गेल्या वर्षीची पोस्ट उचलून तारीख बदलायची, तिच्यात लिंक मात्र गेल्या वर्षीच्या फॉर्मचीच राहते, हे मी दोनदा पाहिलंय. आणि 'शेवटच्या दोनच जागा!' अशी खोटी घाई लावू नका. एकदा पकडले गेलात की खरी मुदतही कुणी मानत नाही.

त्या रात्री मी हे लिहायला हवं होतं:

> नाच बसला, फॉर्म राहिला? *मंगळवार, 10 फेब्रुवारी, संध्याकाळी 5* पर्यंत भरा.
> 'तू भर, तू भर' बास झालं. गटातल्या एकानेच भरायचा, सगळ्यांची नावं आणि वर्ग हाताशी ठेवा. लिंक खाली आहे.
> स्पर्धा शुक्रवार, 13 फेब्रुवारीला सकाळी 10 पासून, मुख्य इमारत, दुसरा मजला, सभागृह.

पहिली ओळ मुद्दाम अशी आहे. फोनवर सूचना येते तेव्हा सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, ते 'नमस्कार मित्रमैत्रिणींनो' वर घालवले तर पुढचं कुणी उघडत नाही. कृती एकच आहे: भरा. 'नावं द्या, पेज फॉलो करा, मित्रांना टॅग करा' असं एका दमात सांगितलं की त्यातलं सोपं तेवढं होतं, फॉर्म राहतो. लिंक मजकुरात हवी. पोस्टरच्या चित्रात छापलेली लिंक दाबता येत नाही, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधलीही नाही. तिथे ती प्रोफाइलवर ठेवा आणि तसं लिहा.

टाकण्याआधी समितीबाहेरच्या एकाला वाचायला द्या, फोन परत घ्या आणि विचारा: कधीपर्यंत, कुठे, काय करायचं? अडखळला तर तीच ओळ पुन्हा लिहायची. समितीतल्या कुणाला विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तरं आधीच पाठ असतात. हे न करता टाकलंत, तर तीच परीक्षा ग्रुपवर होते. 'कधी आहे?' असे दोन-तीन प्रश्न आले की समजा, तारीख दिसत नाहीये.

पुढच्या वर्षी याच साच्यात लिहिलं. 'कधी' असं एकानेही विचारलं नाही. फक्त पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा मेसेज आला, "ताई, सभागृह म्हणजे जुनं की नवं?" दोन सभागृहं आहेत हे मला तीन वर्षांत खटकलंच नव्हतं, कारण आमच्या तोंडी 'सभागृह' म्हणजे जुनंच. ओळ बदलली: 'जुनं सभागृह, ग्रंथालयाच्या वर'. या वेळी तेरा मिनिटंच झाली होती.