छंग्यूची गोष्ट पाठ आहे? मग जरा जपून

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेत पाच-सहापर्यंत पोचलेल्या माणसाला चार अक्षरी वाक्प्रचार, छंग्यू, म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. सुरुवातीला आपल्यासारख्यांना ज्या कामातून चार पैसे सुटतात, त्याबद्दल सांगायचंय. कुठल्यातरी ॲपसाठी किंवा वाचनमालेसाठी छंग्यूचं इंग्रजी द्यायचं आणि खाली पन्नास-साठ शब्दांत त्यामागची कथा. काम हलकं वाटतं, दरही तसाच हलका मिळतो. आणि ज्याला कथा येत नाही तो निदान शब्दकोश उघडतो. ज्याला येते तो उघडत नाही, आणि तोच आपटतो. मीही तशीच आपटले, म्हणून हे जरा लांबण लावून सांगते.

'खुंग श्वे लाय फंग' घ्या. अक्षरश: पोकळ बीळ, येतो वारा. कथा छू राज्याच्या दरबारातली आहे. राजा लानथायच्या महालात बसलाय, वाऱ्याची झुळूक येते, राजा अंगरख्याचा गळा मोकळा करतो आणि म्हणतो, काय छान वारा आहे, हा मला आणि प्रजेला सारखाच मिळतो, नाही का? सोबत असलेला कवी सोंग यू म्हणतो, छे महाराज, हा फक्त तुमचा वारा, गरिबाला कुठला मिळायला! राजा विचारतो, वारा तर आभाळाचा, तो माणूस बघून वाहतो का? तेव्हा सोंग यू गुरूचं वचन सांगतो: वाकड्या फांदीवर घरटं येतं, पोकळ बिळात वारा येतो. म्हणजे जशी जागा तसा वारा. ही रचना परंपरेनं सोंग यूच्याच नावावर आहे.

या कथेवरून जुना अर्थ सरळ निघतो. बीळ आहे म्हणून वारा आला, म्हणजे अफवेमागे काहीतरी कारण असणारच. आपल्याकडे 'आगीशिवाय धूर नाही' म्हणतात तेच. इंग्रजीतही 'नो स्मोक विदाउट फायर' तयार आहे. इतका चपखल जोड सापडला की हात शिवशिवतात.

आता आजच्या बातमीतलं वाक्य बघा: 'ही बातमी च्युए-फेय खुंग श्वे लाय फंग'. 'च्युए-फेय' म्हणजे 'मुळीच नव्हे'. जुना अर्थ धरून भाषांतर केलं तर होतं, 'या बातमीमागे कारण आहे असं मुळीच नाही', म्हणजे बातमी खोटी. बातमीदाराला म्हणायचंय बरोबर उलटं: 'बातमी निराधार नाही', इंग्रजीत 'नॉट विदाउट फाउंडेशन'. कारण आज बहुतेक चिनी माणसं हा छंग्यू 'बिनबुडाची गोष्ट' या अर्थानं वापरतात. बीळ पोकळ, त्यात काही नाही, नुसता वारा. त्यांनी त्यातली 'खुंग', म्हणजे पोकळ, ही एकच बाजू धरली आणि कथा सोडून दिली. चीनमधल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या आधुनिक चिनी शब्दकोशाने हा नवा अर्थ नोंदवलाय. त्यामुळे 'लोक चुकीचं वापरतात' असं म्हणून मिशीला पीळ देण्यात अर्थ नाही. लेखकाला काय म्हणायचंय ते इंग्रजीत आणायचं असतं, सोंग यूला काय म्हणायचं होतं ते नाही.

ओळखायचं कसं? छंग्यूच्या अगोदर नकार आलाय का ते पहिल्यांदा बघा. आजच्या लेखनात हा छंग्यू फार वेळा नकारासोबतच येतो, 'निराधार नव्हे' असा. नकार असेल आणि पुढच्या वाक्यात पुरावे मांडायला सुरुवात केली असेल, तर नवा अर्थ पक्का. नकार नसेल आणि जुन्या वळणाचा लेखक असेल, तर दोन वाक्यं पुढे-मागे वाचल्याशिवाय पेन उचलू नका. पन्नास-साठ शब्दांच्या टिपेत मात्र दोन्ही अर्थ द्यावे लागतात, आणि क्रम असा: आधी आजचा अर्थ, मग कथा, मग 'मूळ अर्थ याच्या उलट होता' असं अर्धं वाक्य. उलट क्रमाने लिहिलं की शिकणारा कथेत रमतो आणि शेवटचं अर्धं वाक्य विसरतो.

घाबरून जाऊ नका, सगळे छंग्यू असे साफ उलटे पडत नाहीत. पण थोडे सरकलेले बरेच असतात आणि ते जास्त फसवे, कारण चूक चुकीसारखी दिसत नाही.

'चाओ सान मू स' ही नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवते. अक्षरश: सकाळी तीन, संध्याकाळी चार. पहिली पायरी, मूळ पाठ उघडायचा. ctext.org वर 'च्वांगत्झ' या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात हा मजकूर आहे, आणि तो इतका छोटा आहे की न वाचण्याला सबब नाही. माकडं पाळणारा म्हातारा त्यांना ओकची फळं वाटताना म्हणतो, सकाळी तीन, संध्याकाळी चार. माकडं चिडतात. बरं, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश. एकूण सातच्या सात. इथे लेखकाचा रोख माकडांवर आहे: फरक काहीच पडला नाही, तरी राग आणि आनंद मात्र खरे.

दुसरी पायरी, हीच कथा आणखी कुठे आहे का ते बघायचं. आहे, 'लिएत्झ' या ग्रंथात, आणि तिथे ती ऐसपैस आहे. म्हातारा सोंग राज्याचा. माकडांवर इतकं प्रेम की घरच्यांच्या तोंडचा घास काढून त्यांना घालतो. मग टंचाई येते, वाटा कमी करायचा असतो, म्हणून तो ही युक्ती काढतो. इथे रोख म्हाताऱ्याच्या हुशारीवर आहे: शहाणा माणूस अडाण्यांना असा गुंडाळतो. इंटरनेटवर जी कथा फिरते ती बहुतेक दोन्हींची खिचडी असते. प्रसंग लिएत्झमधला, नाव च्वांगत्झचं. टिपेत एकच आवृत्ती घ्या आणि तिचंच नाव द्या.

तिसरी पायरी, आजचा वापर. बीसीसी किंवा सीसीएल या चिनी विद्यापीठांच्या वाक्यसंग्रहांत हा छंग्यू टाकला की माकडं गायबच होतात. प्रेमात धरसोड करणारा मुलगा, दर थोड्या दिवसांनी नोकरी बदलणारा, आज हे शिकतो उद्या ते शिकतो असा विद्यार्थी, हीच मंडळी भेटतात. म्हणजे अर्थ झाला चंचलपणा. 'सकाळी छिनकडे, संध्याकाळी छूकडे' असा निष्ठा बदलणाऱ्यांसाठीचा 'चाओ छिन मू छू' हा छंग्यू त्याच साच्यात बसतो. दोन्हींत सकाळ-संध्याकाळ एकाच जागी येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात ते शेजारी-शेजारी जाऊन बसतात.

आता नोंद लिहा. वर इंग्रजी: 'टू कीप चेंजिंग वन्स माइंड'. त्याखाली अक्षरश: अर्थ, 'थ्री इन द मॉर्निंग, फोर इन द इव्हनिंग'. मग दोन वाक्यांत च्वांगत्झची माकडं. मग एक वाक्य: मूळ कथेत कोणीही मन बदललेलं नाही, बदलली ती फक्त मांडणी, आज मात्र हे धरसोड माणसाला म्हणतात आणि ती टीका असते. हे शेवटचं वाक्य जागेसाठी कधीच कापू नका. ते नसेल तर वाचणारा विचारतोच की माकडांचा आणि चंचलपणाचा संबंध काय, आणि त्याचं बरोबर असतं. कापायचंच असेल तर म्हाताऱ्याचं वर्णन कापा.

शब्दकोशाबद्दल एक युक्ती. चिनी-चिनी नोंदीत 'युआन' म्हणजे मुळात, आणि 'हौ-लाय' किंवा 'श्येन' म्हणजे नंतर, आता, असे शब्द येतात. डोळा आधी दुसऱ्यावर गेला पाहिजे. चिनी-इंग्रजी कोशात पुष्कळदा ही दोन दालनं एका स्वल्पविरामाने जोडून टाकलेली असतात, आणि तिथेच नवशिक्या पहिला तुकडा उचलून मोकळा होतो. पाचशे छंग्यूंच्या तयार याद्या पीडीएफमध्ये फिरतात ना, त्या बहुतेक अशाच पहिल्या तुकड्यांच्या असतात. माझं मत विचाराल तर त्या डिलीट करा. 'मार्गदर्शक' म्हणून जे ओळखीचे लोक अशा याद्या मोठ्या मनाने पाठवतात, त्यांना नमस्कार करावा आणि फाइल उघडू नये. त्यापेक्षा तुमची वाक्यं वाचून 'असं कोणी बोलत नाही' एवढंच म्हणणारी एखादी चिनी मैत्रीण शंभर पटीने उपयोगी.

इंग्रजी वाक्प्रचार तयार सापडला तर वापरावा का? वापरावा, पण कथेला शेजारी बसवून बघावा. 'फो फू छन चोऊ' ही श्यांग यू या सेनापतीची गोष्ट, इ.स.पू. 207 मधली, च्युलूच्या लढाईआधीची. सिमा छ्येनच्या इतिहासात ती येते: नदी ओलांडल्यावर त्याने नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या, आणि सैनिकांजवळ फक्त तीन दिवसांची शिदोरी ठेवली. इंग्रजीत 'बर्न वन्स ब्रिजेस' पटकन सुचतं. पण आजच्या इंग्रजीत ते बऱ्याचदा संबंध बिघडवून ठेवण्याला म्हणतात, आणि खाली कथेत पूल कुठेच नाही. 'बर्न वन्स बोट्स' जवळचं, तरी नावा इथे जळल्या नाहीत, बुडाल्या. मी 'कट ऑफ ऑल मीन्स ऑफ रिट्रीट' असं साधं लिहिते आणि भांडी-नावा कथेसाठी राखून ठेवते. कोणी त्याला बेचव म्हणालं तर म्हणू दे.

राहिली शेवटची कटकट. पुष्कळ छंग्यूंना कथाच नसते. 'ई शिन ई ई', एकचित्ताने, याच्यामागे कुठलाही राजा नाही, माकड नाही. पण काम देणाऱ्याच्या तक्त्यात 'कथा' हा रकाना असतो आणि तो रिकामा चालत नाही म्हणतात. मग लोक शोधायला निघतात आणि नेटवर काहीतरी सापडतंच. 'ल्वान छी पा चाओ', म्हणजे सगळा सावळागोंधळ, याच्यातल्या 'सात'ला इ.स.पू. 154 मधलं सात राज्यांचं बंड आणि 'आठ'ला पुढच्या काळातलं आठ राजपुत्रांचं यादवी युद्ध चिकटवलेलं तुम्हाला जागोजागी दिसेल. बंड खरं, युद्धही खरं, पण शब्द बोलीतला आहे आणि दोन्हींमधला दुवा मागाहून जोडलेला. तपासायची रीत तीच: ज्या ग्रंथाचं नाव सांगितलंय तिथे जाऊन ती चार अक्षरं, किंवा निदान तो प्रसंग, सापडतो का बघायचं. ग्रंथाचं नावच सांगितलेलं नसेल तर बघायचीही गरज नाही.

अशा वेळी मी रकान्यात 'उगमकथा नाही. अक्षरांवरून अर्थ' असं लिहून देते, खाली एक वापराचं वाक्य देते आणि त्याचेही पूर्ण पैसे लावते. पहिल्यांदा कुरकुर होते. काम सुरू करण्याआधी नमुन्याच्या नोंदींत अशी एक मुद्दाम घाला, म्हणजे ती कुरकुर बिलाच्या वेळी होत नाही.